लाभांशाची सूचना नव्याने लिहिताना: दर, नोंद तारीख आणि पैसे पोहोचवण्याची पद्धत (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

छोट्या कंपनीत लाभांशाची सूचना लिहायला वेगळा माणूस नसतो. हिशेब बघणाऱ्याच्याच गळ्यात ते काम पडतं आणि तो मागच्या वर्षीची फाइल उघडून तारखा बदलतो. त्या फाइलमधली वाक्यं कुणी कधी लिहिली हे कुणालाच आठवत नसतं. असंच एक जुनं पत्र मी नव्याने लिहिलं. ते लिहिताना संचालकांनी विचारलेले आणि आधीच्या वर्षी भागधारकांनी फोन करून विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

उदाहरण सगळीकडे एकच आहे. खासगी मर्यादित कंपनी, शेअर बाजारात नोंद नाही. दर्शनी किंमत १० रुपये असलेले १,२०,००० इक्विटी शेअर आणि ४२ भागधारक. सगळे शेअर पूर्ण भरणा झालेले. लाभांश आर्थिक वर्ष २०२४-२५ चा, अंतिम, दर १५ टक्के.

जुन्या सूचनेत चुकीचं असं काय होतं? इतकी वर्षं तीच तर जात होती.

ती अशी होती:

> आपणांस कळविण्यात येते की, कंपनीच्या मा. संचालक मंडळाने १५% लाभांश जाहीर केला असून सदर लाभांश दि. १२ सप्टेंबर रोजीच्या सभासदांना नियमानुसार देय राहील. लाभांशाची रक्कम यथावकाश खात्यावर जमा करण्यात येईल. ज्यांनी बँक तपशील दिलेला नाही त्यांनी तो त्वरित सादर करावा. कर नियमानुसार कपात होईल.

कानाला हे अगदी रीतसर लागतं. पण हातात पेन्सिल घेऊन बसा आणि स्वतःला ४०० शेअरचा मालक समजा. तुम्हाला किती रुपये मिळणार, कोणत्या खात्यात, कोणत्या दिवशी? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर या पत्रातून निघत नाही. पंधरा टक्के कशाचे ते नाही, बारा सप्टेंबरला काय घडलं ते नाही, ‘यथावकाश’ म्हणजे कधी ते नाही. सूचना तपासायची माझी रीत हीच आहे: भागधारकाला कंपनीला फोन न करता आपली रक्कम काढता आली पाहिजे.

‘सभासद’ हा शब्दही मी बदलला. कायद्याच्या दृष्टीने तो चूक नाही, पण आपल्याकडे सभासद म्हटलं की पतसंस्था किंवा गृहनिर्माण संस्था डोळ्यांपुढे येते. ‘भागधारक’ म्हटलं की कुणाला शंका राहत नाही.

‘संचालक मंडळाने लाभांश जाहीर केला’ असं लिहिलं तर बिघडतं काय?

अंतिम लाभांश असेल तर बिघडतं. संचालक मंडळ अंतिम लाभांशाची फक्त शिफारस करतं, जाहीर तो वार्षिक सर्वसाधारण सभेत होतो. कंपनी कायद्यासोबतच्या नमुना नियमावलीप्रमाणे सभा मंडळाने सुचवलेल्यापेक्षा जास्त लाभांश जाहीर करू शकत नाही, कमी मात्र करू शकते. म्हणजे सभेआधी गेलेल्या पत्रात ‘जाहीर केला’ असं लिहिलं, तर न झालेली गोष्ट झाली म्हणून कळवली असं होतं.

हा नुसता शब्दाचा काथ्याकूट नाही. पैसे देण्याची मुदत घोषणेच्या दिवसापासून मोजतात. तुमच्याच पत्रात मंडळाच्या बैठकीला घोषणा म्हटलं असेल, तर उद्या एखादा भागधारक ते पत्र पुढे ठेवून दिवस मोजायला लागेल.

म्हणून पत्रं दोन करावीत. सभेच्या नोटिशीसोबत जाणाऱ्या पत्रात ‘प्रति शेअर १ रुपया ५० पैसे लाभांश देण्याची शिफारस केली आहे, सभेने मंजुरी दिल्यास तो अमुक तारखेला दिला जाईल’ असं. सभेनंतर जाणाऱ्या पत्रात ‘सभेने जाहीर केला’ असं. अंतरिम लाभांशाचं वेगळं आहे. तो मंडळ स्वतः जाहीर करू शकतं, मात्र तिथे ‘अंतरिम’ हा शब्द न विसरता लिहावा.

दर टक्क्यांत लिहायचा की रुपयांत?

आधी रुपयांत, मग टक्क्यांत. दोन्ही लिहा, पण क्रम हाच ठेवा.

टक्केवारी दर्शनी किमतीवर असते, हे हिशेबनिसाला इतकं पाठ असतं की सांगायचं राहून जातं. आधीच्या वर्षी एका ज्येष्ठ भागधारकांचा फोन आला होता. त्यांनी ४०० शेअर नातेवाइकाकडून ८५ रुपयांना घेतले होते. “अहो, चौतीस हजार घातलेत मी. पंधरा टक्के म्हणजे पाच हजार शंभर झाले. तुम्ही सहाशेच पाठवलेत!” त्यांचं गणित बरोबर होतं, फक्त पाया चुकला होता. १० रुपयांचे १५ टक्के म्हणजे दीड रुपया, ४०० शेअरचे ६०० रुपये. त्यांना हे समजावताना माझी वीस मिनिटं गेली आणि त्यांना तरीही फसवल्यासारखंच वाटलं असणार. पत्रात ‘प्रति शेअर १ रुपया ५० पैसे’ असं असतं तर हा फोन आलाच नसता.

टक्क्यांची आणखी एक गंमत म्हणजे शेअरचं विभाजन झालं की त्यांचा अर्थ बदलतो. १० रुपयांच्या एका शेअरचे २ रुपयांचे पाच केले, तर १५ टक्के म्हणजे प्रति शेअर ३० पैसे. मागच्या वर्षीचं पत्र शेजारी ठेवून पाहणाऱ्याला दर तोच दिसतो आणि रक्कम एकदम पडलेली वाटते. अशा वर्षी दर्शनी किंमत बदलल्याचं त्याच वाक्यात सांगावं, तळटिपेत ढकलू नये.

नव्या पत्रातलं वाक्य असं झालं: ‘प्रति इक्विटी शेअर १ रुपया ५० पैसे (दर्शनी किंमत १० रुपये, म्हणजे १५ टक्के).’ यापुढे ‘केवळ’, ‘भरघोस’ असं काही नको. भरघोस आहे की नाही ते घेणाऱ्याला ठरवू द्या.

काही शेअरचा पूर्ण भरणा झालेला नसेल तर?

नियमावली बघा. भरलेल्या रकमेच्या प्रमाणात लाभांश द्यायचा असं तिथे असेल, तर १० पैकी ५ रुपये भरलेल्या शेअरला ७५ पैसे मिळतील. असे शेअर असल्यास पत्रात दोन ओळी करा, पूर्ण भरण्याची एक आणि अंशतः भरण्याची एक.

नोंद तारीख कशी लिहायची? ‘१२ सप्टेंबर रोजीच्या’ एवढं पुरत नाही का?

नाही पुरत. नोंद तारीख, म्हणजे आपण बोलताना म्हणतो ती रेकॉर्ड डेट, हा एक फोटो असतो. त्या क्षणी नोंदवहीत ज्याचं नाव, त्याला पैसे. फोटो दिवसाच्या सुरुवातीचा की शेवटचा हे लिहिलं नाही, तर त्याच दिवशी ज्याचं हस्तांतर मंजूर झालं तो आणि विकणारा दोघंही हक्क सांगू शकतात. म्हणून ‘शुक्रवार, १२ सप्टेंबर २०२५ रोजी कामकाज संपताना’ असं पूर्ण लिहायचं. वार लिहिण्याचा एक फायदा असा की तारीख टंकताना चुकली तर वार जुळत नाही आणि चूक पत्र जाण्याआधी सापडते.

कोणती नोंद धरणार तेही सांगा. कागदी शेअर असतील तर कंपनीची सदस्य नोंदवही. शेअर डिमॅटमध्ये असतील तर डिपॉझिटरीकडून त्या दिवसाची लाभधारकांची यादी येते, जिला सगळे ‘बेनपॉस’ म्हणतात. एखाद्या कंपनीत दोन्ही प्रकार असतील तर दोन्ही याद्यांची बेरीज करा. ती १,२०,००० आली नाही, तर एकाचंही पत्र छापू नका. आमच्या उदाहरणात पहिल्यांदा बेरीज १,१९,८०० आली होती. दोनशे शेअर कुठे गेले? एका भागधारकाने कागदी शेअर डिमॅटला दिले होते. ते कागदी यादीतून काढले गेले होते आणि डिमॅटच्या यादीत त्या दिवसापर्यंत आले नव्हते. ही तफावत पत्र पाठवण्याआधी सापडली म्हणून वाचलो.

आता राहिला हस्तांतराचा घोळ. खरेदीदाराने हस्तांतराचा अर्ज दिला आहे, पण नोंद तारखेपर्यंत मंजूर झालेला नाही. पैसे कुणाला? कायद्याच्या कलम १२६ नुसार, नोंदवहीत नाव असलेल्याने खरेदीदाराला द्या असं लेखी सांगितलं असेल तर खरेदीदाराला. नाहीतर ती रक्कम न दिलेल्या लाभांशाच्या खात्यात वळवायची. कंपनीने मधेच न्यायाधीश होऊन ‘खरा मालक कोण’ हे ठरवू नये. असे अर्ज प्रलंबित असतील तर त्या दोघांना वेगळं पत्र पाठवावं, सगळ्यांच्या सूचनेत हा परिच्छेद कोंबू नये.

नोंद तारीख सभेनंतरच्या पत्रात कळवली तर चालेल?

नुसती तिथे कळवून उपयोग नाही, कारण तोवर ती होऊन गेलेली असते. तिचा उपयोग आधी असतो: ज्याला हस्तांतर उरकायचं आहे, पत्ता बदलायचा आहे, वारसाची नोंद करायची आहे, त्याला वेळ मिळावा म्हणून. ती सभेच्या नोटिशीत द्या आणि सभेनंतरच्या पत्रात आठवण म्हणून परत लिहा. नोंद तारखेऐवजी काही दिवस नोंदवही बंद ठेवायची असेल, तर निदान सात दिवस आधी कळवावं लागतं. एका वेळी ३० दिवसांहून आणि वर्षात एकूण ४५ दिवसांहून जास्त ती बंद ठेवता येत नाही.

‘यथावकाश’ ऐवजी काय लिहायचं?

एक तारीख. उदाहरणात सभा २६ सप्टेंबर २०२५ ला झाली. तिथून दोन घड्याळं सुरू होतात. लाभांशाची रक्कम पाच दिवसांच्या आत अनुसूचित बँकेतल्या स्वतंत्र खात्यात भरायची, म्हणजे १ ऑक्टोबरपर्यंत. आणि भागधारकांना तीस दिवसांच्या आत द्यायची, म्हणजे २६ ऑक्टोबरपर्यंत. ही दुसरी मुदत चुकली तर कलम १२७ लागू होतं: कंपनीला थकलेल्या काळाचं वार्षिक १८ टक्क्यांनी सरळ व्याज द्यावं लागतं आणि जाणूनबुजून चूक करणाऱ्या संचालकाला शिक्षेची तरतूद आहे. ‘यथावकाश’ला कायद्यात जागाच नाही.

२६ ऑक्टोबरला रविवार होता. शेवटचा दिवस धरून काम केलं तर परत आलेली रक्कम पुन्हा पाठवायला वेळ उरत नाही. म्हणून आम्ही १० ऑक्टोबर, शुक्रवार ठरवला. पुढे दोन आठवडे मोकळे राहिले आणि ते लागलेच, कारण तीन रकमा परत आल्या. पत्रात मात्र ‘१० ऑक्टोबर २०२५ रोजी’ असं लिहिलं, ‘१० ऑक्टोबरच्या सुमारास’ असं नाही. सुमारास म्हटलं की अकरा तारखेपासून फोन सुरू होतात.

पैसे देण्याची पद्धत एका ओळीत लिहून भागेल का?

ज्यांचं खातं नोंदलेलं आहे त्यांना एनईएफटीने, बाकीच्यांना चेकने. मथितार्थ एका ओळीचाच आहे. पण भागधारकाला स्वतःपुरतं कळलं पाहिजे: मी पहिल्या गटात की दुसऱ्या? म्हणून प्रत्येकाच्या पत्रात त्याच्या खात्याचे शेवटचे चार अंक आणि बँकेचं नाव छापायचं. चारच अंक छापायचे, कारण पत्र दुसऱ्याच्या हाती पडू शकतं. माणूस ते चार अंक बघतो आणि लगेच म्हणतो, “अरे, हे खातं तर मी केव्हाच बंद केलं!” हेच वाक्य दहा तारखेनंतर ऐकण्यापेक्षा आधी ऐकलेलं बरं.

रकमा परत का आल्या ते सांगतो. दोघांच्या बँकेचं दुसऱ्या बँकेत विलीनीकरण झालं होतं आणि आमच्या नोंदीत जुनाच आयएफएससी कोड होता. तिसऱ्याचं खातं व्यवहार नसल्यामुळे निष्क्रिय झालं होतं. तिघांचीही नोंद आमच्याकडे ‘पूर्ण’ म्हणून होती. म्हणजे रकाना भरलेला असणं आणि त्यातली माहिती चालू असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून पत्रात सरळ विचारायचं: तुमची बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली आहे का? असल्यास नवा कोड कळवा.

संयुक्त नावांचे शेअर असतील तर पैसे नोंदवहीत पहिलं नाव असलेल्याला जातात. खातंही त्याच्या नावाचं असावं. नवरा-बायकोच्या संयुक्त शेअरमध्ये बऱ्याचदा पहिलं नाव एकाचं आणि दिलेलं खातं एकट्या दुसऱ्याचं असतं. घरात ते चालतं, नोंदवहीत चालत नाही.

चेक पाठवणार असाल तर तो तारखेपासून तीन महिनेच चालतो हे पत्रात लिहा. कपाटात ठेवून विसरणारे भागधारक तुमच्याकडेही असतील. रोख नोटा देण्याच्या फंदात पडू नका. कायद्यात ‘लाभांश रोखीत द्यावा’ असे शब्द आहेत खरे, पण ते मालाच्या किंवा इतर वस्तूंच्या रूपात देण्याविरुद्ध आहेत. चेक, वॉरंट किंवा इलेक्ट्रॉनिक मार्ग हे त्याच कलमात दिलेले आहेत.

बँक तपशील ईमेलवर मागवावा का?

मागवा, पण नुसत्या ईमेलवर खातं बदलू नका. ‘माझं खातं बदललं, लाभांश इथे पाठवा’ असा मेल कुणीही पाठवू शकतो. सही केलेला अर्ज आणि ज्यावर नाव छापलेलं आहे असा रद्द केलेला चेक, दोन्ही हवेत. मग नोंदवहीतल्या जुन्या फोन नंबरवर एकदा बोलून खात्री करायची. मेलमध्ये दिलेल्या नव्या नंबरवर नव्हे. सूचनेतही एक ओळ घाला की कंपनी फोनवर ओटीपी किंवा पिन विचारत नाही. डिमॅटमधल्या भागधारकांनी खात्यातला बदल आपल्या डिपॉझिटरी पार्टिसिपंटकडे करायचा असतो. त्यांचे अर्ज आपल्याकडे ठेवून घेऊ नका, परत पाठवा.

करकपातीचं ‘नियमानुसार’ कसं सोडवायचं?

आकडा लिहून. लाभांश वाटप कर १ एप्रिल २०२० पासून गेला आणि कर भागधारकाच्या हातात आला. निवासी भागधारकाच्या लाभांशातून साधारणपणे १० टक्के कापायचे. व्यक्ती असेल आणि वर्षातला एकूण लाभांश १०,००० रुपयांच्या आत असेल तर कपात नाही. ही मर्यादा १ एप्रिल २०२५ पासूनची, त्याआधी ५,००० होती. कितीतरी जुन्या नमुन्यांत अजून पाच हजारच छापलेले दिसतात. कपात लागू असून पॅन नसेल, तर ती २० टक्क्यांवर जाते. परदेशी राहणाऱ्यांचा दर वेगळा, त्यांना स्वतंत्र पत्र.

दोन ठिकाणी हमखास गफलत होते. पहिली म्हणजे मर्यादा ओलांडली की कपात पूर्ण रकमेवर होते, वरच्या तुकड्यावर नाही. ९,००० शेअरवाल्या व्यक्तीचा लाभांश १३,५०० रुपये. कपात १,३५० रुपये, ३५० नाही. हातात १२,१५०. दुसरी म्हणजे ही सूट फक्त व्यक्तींना आहे. उदाहरणात एक हिंदू अविभक्त कुटुंब १,००० शेअर धरून होतं. त्यांचा लाभांश १,५०० रुपयेच, तरी १५० कापले आणि १,३५० गेले. कर्त्याला ते पटेना, कारण त्यांच्या स्वतःच्या नावावरच्या ४,००० शेअरच्या ६,००० रुपयांतून काहीच कापलं नव्हतं.

आधी दिलेला अंतरिम लाभांशही बेरजेत धरायचा असतो. शेवटी, कराचे दर आणि नमुने अर्थसंकल्पासरशी बदलतात. बाकीचं पत्र जपून ठेवा, हा परिच्छेद दरवर्षी नव्याने तपासून लिहा.

नवी सूचना पूर्ण दाखवाल का?

९,००० शेअर असलेल्या भागधारकाला गेलेली ही प्रत. नाव, पत्ता, बँकेचं नाव आणि फोन गाळले आहेत.

> दिनांक: २९ सप्टेंबर २०२५
>
> विषय: २०२४-२५ चा अंतिम लाभांश, प्रति शेअर १ रुपया ५० पैसे
>
> सप्रेम नमस्कार,
>
> २६ सप्टेंबर २०२५ रोजी झालेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेने आर्थिक वर्ष २०२४-२५ साठी प्रति इक्विटी शेअर १ रुपया ५० पैसे अंतिम लाभांश जाहीर केला आहे. शेअरची दर्शनी किंमत १० रुपये असून हा दर तिच्या १५ टक्के आहे.
>
> शुक्रवार, १२ सप्टेंबर २०२५ रोजी कामकाज संपताना कंपनीच्या सदस्य नोंदवहीत किंवा डिपॉझिटरीच्या यादीत ज्यांची नावे होती, त्यांना हा लाभांश मिळेल. ही नोंद तारीख सभेच्या नोटिशीत कळवली होती.
>
> आपला हिशेब असा:
> नोंद तारखेला आपले शेअर: ९,०००
> लाभांश: १३,५०० रुपये
> करकपात (१० टक्के): १,३५० रुपये
> आपल्याला मिळणारी रक्कम: १२,१५० रुपये
>
> ही रक्कम शुक्रवार, १० ऑक्टोबर २०२५ रोजी आपल्या नोंदलेल्या बँक खात्यात (शेवटचे चार अंक ४४१७) एनईएफटीने पाठवली जाईल. खाते बंद झाले असल्यास किंवा बँकेचे विलीनीकरण होऊन आयएफएससी कोड बदलला असल्यास, सही केलेला अर्ज आणि नाव छापलेला रद्द चेक सोमवार, ६ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आमच्याकडे पोहोचवावा. शेअर डिमॅटमध्ये असल्यास हा बदल आपल्या डिपॉझिटरी पार्टिसिपंटकडे करावा.
>
> आपल्या उत्पन्नावर कर लागू नसल्यास १५जी किंवा १५एच नमुन्यातील घोषणापत्र त्याच तारखेपर्यंत द्यावे. कापलेल्या कराचे प्रमाणपत्र आपल्याला स्वतंत्रपणे पाठवले जाईल.
>
> कंपनी फोनवर ओटीपी, पिन किंवा पासवर्ड विचारत नाही.
>
> आपला,
> संचालक

संचालकांपैकी एकाला हे फार साधं वाटलं. ‘सदर’ आणि ‘मा.’ नसलेलं पत्र कंपनीचं वाटत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. ‘सप्रेम नमस्कार’ त्या तडजोडीतून आलं.

‘शिवाय’, ‘तथापि’ जोडून ही वाक्यं एकमेकांत गुंफायचा मोह होतो. टाळावा. विशेषतः नोंद तारीख आणि पैसे जमा होण्याची तारीख एका वाक्यात आणू नये. लोक दोनपैकी एकच तारीख लक्षात ठेवतात, आणि ती नेमकी चुकीची असते.

चेकवाल्यांच्या पत्रात काय बदलायचं?

फक्त पद्धतीचा परिच्छेद. ‘आपले बँक खाते आमच्याकडे नोंदलेले नाही. १० ऑक्टोबर २०२५ रोजी १२,१५० रुपयांचा चेक आपल्या नोंदलेल्या पत्त्यावर स्पीड पोस्टने पाठवला जाईल. चेक तीन महिन्यांच्या आत बँकेत भरावा.’ आणि पत्ता खरोखर पत्रावर छापा, म्हणजे घर बदललेल्याच्या लक्षात येईल.

एखाद्या भागधारकाचं निधन झालं असेल तर सूचना कुणाच्या नावे?

एकाच नावाचे शेअर असतील आणि वारसाची नोंद झालेली नसेल, तर मृताच्या खात्यावर पैसे सोडून मोकळं होऊ नका. वारसांना कोणती कागदपत्रं लागतील ते वेगळ्या पत्राने कळवा आणि रक्कम बाजूला ठेवा. संयुक्त नावं असतील तर मृत्यूचा दाखला घेऊन हयात धारकाचं नाव पुढे येतं.

तरीही कुणाचे पैसे पोहोचलेच नाहीत तर पत्रात काय लिहिलेलं असावं?

हे मी मुख्य सूचनेत घालत नाही. तीस दिवस संपल्यावर ज्यांचे पैसे राहिले त्यांनाच दुसरं पत्र जातं. त्यात लिहायचं ते असं: २६ ऑक्टोबर २०२५ पर्यंत दिली न गेलेली रक्कम पुढच्या सात दिवसांत, म्हणजे २ नोव्हेंबरपर्यंत, न दिलेल्या लाभांशाच्या विशेष खात्यात वळवली जाते. (तो रविवार होता, म्हणून आम्ही ३१ ऑक्टोबरलाच वळवली.) तिथून भागधारक केव्हाही मागू शकतो. त्या खात्यात वळवल्यापासून सात वर्षं कुणी मागितली नाही, तर ती केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीत जाते. सलग सात वर्षं लाभांश घेतला नसेल तर शेअरसुद्धा तिकडे जातात. परत मिळतात, पण त्यासाठी ऑनलाइन अर्ज, कंपनीची पडताळणी आणि बरीच वाट पाहणं आलं.

या दुसऱ्या पत्रात रक्कम का परत आली ते कारण आवर्जून लिहा. ‘आपले खाते निष्क्रिय असल्याचे बँकेने कळवले’ एवढं वाचून आमचे तिसरे भागधारक त्याच आठवड्यात बँकेत गेले. विलीनीकरणवाल्या दोघांना मात्र पत्राची गरज पडली नाही. नवा कोड घेऊन पंधरा ऑक्टोबरला रक्कम पुन्हा पाठवली आणि ती जमा झाली.